घर दाखवायचं तर नळही सोडून दाखवा

विकाऊ फ्लॅटचे व्हिडिओ मोबाइलवर रोज दिसतात आणि बहुतेक एकाच साच्यातले असतात. पडदा हळूच हलतो, टेबलावरच्या फुलदाणीवर कॅमेरा रेंगाळतो, मागे पियानो वाजतो, मग एकदम किचन, एकदम बाल्कनी, एकदम बेडरूम. तीन मिनिटं बघून झाल्यावर संडास कुठल्या बाजूला आहे असं कुणी विचारलं तर सांगता येत नाही. ज्याने आधी दोन घरं विकली-घेतली आहेत तो एजंटला फोन करून नेमके प्रश्न विचारतो. पहिल्यांदाच घर घेणाऱ्या जोडप्याला मुळात कोणते प्रश्न विचारायचे हेच माहीत नसतं. बहुतेकांना नकाशाही वाचता येत नाही. त्यांच्यासाठी व्हिडिओ करायचा तर त्याला दोन कामं करावी लागतात. घराचा नकाशा बघणाऱ्याच्या डोक्यात उतरवायचा आणि त्याने न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं दाखवायची. पहिलं काम चालत घेतलेल्या सलग शॉटचं, दुसरं बी-रोलचं. बी-रोल म्हणजे मुख्य चित्रणाला जोडीला घेतलेले छोटे, बहुधा जवळून टिपलेले तुकडे. ते सजावटीला वापरायची सवय लागली आहे. माझ्या मते घराच्या व्हिडिओत ते पुराव्यासारखे वापरावेत.

एक घर डोळ्यांसमोर धरू. डोंबिवली पूर्वेला स्टेशनपासून शेअर रिक्षाच्या अंतरावर, तिसऱ्या मजल्यावरचा रिसेलचा टू बीएचके. घर रिकामं आहे, हॉल पश्चिमेला, किचन पूर्वेला. किचनमागे ड्राय बाल्कनी, हॉलमधून आत जाणारा छोटा पॅसेज, पॅसेजमध्ये कॉमन बाथरूम आणि वेगळा संडास, शेवटी दोन बेडरूम, त्यातली एक अटॅच्ड. असं घर त्या पट्ट्यात गल्लोगल्ली सापडेल.

कॅमेरा पिशवीतून काढण्याआधी हे घर नुसतं फिरून बघायचं आणि वहीच्या पानावर पेन्सिलीने त्याचा ओबडधोबड नकाशा काढायचा. मग त्या नकाशावर एका रेघेत चालायची वाट आखायची. लिफ्टबाहेरच्या मोकळ्या जागेतून दारात, हॉलमध्ये, बाल्कनीत, परत हॉलमध्ये, किचन, ड्राय बाल्कनी, परत पॅसेज, बाथरूम आणि संडासात नुसतं डोकावून पुढे, लहान बेडरूम, मोठी बेडरूम आणि तिथलं बाथरूम. ही रेघ कुठेही तुटता कामा नये, कारण बघणाऱ्याच्या मनातला नकाशा तुटतो तो नेमका दारात. हॉलमधून बाहेर पडणारा शॉट कापला आणि पुढचा शॉट बेडरूमच्या आत सुरू झाला, की ती बेडरूम डावीकडे आहे की उजवीकडे हे कळायला मार्गच उरत नाही. म्हणून उंबरठ्यावर कधी कापायचं नाही. खोलीत शिरल्यावर दोन पावलं आत जाऊन थांबायचं, कॅमेरा सावकाश फिरवायचा आणि ज्या दारातून आलो ते दार एकदा परत चौकटीत आणायचं. मागे वळून पाहिल्याचा हा एक शॉट घरात नुसतं भटकणं आणि घर समजणं यांतला फरक करतो.

चालण्याचा वेग नेहमीच्या निम्मा ठेवायचा, गुडघे किंचित वाकवून, टाच आधी टेकवत. गिंबल असला तरी असंच, कारण वर-खाली होणारा हेलकावा गिंबल पूर्ण खात नाही. कॅमेरा छातीच्या उंचीवर, साधारण चार फुटांवर धरायचा. डोळ्यांच्या उंचीवरून चित्रण केलं की ओटा आणि जमीन दाखवायला कॅमेरा खाली झुकवावा लागतो आणि भिंतींच्या उभ्या रेषा तिरक्या पडू लागतात. छातीवर धरला तर तो सरळ राहतो, भिंती भिंतींसारख्या दिसतात. आमच्या या डोंबिवलीच्या घराची अख्खी फेरी पावणेदोन-दोन मिनिटांत होते. ती तशीच, न कापता, व्हिडिओच्या सुरुवातीला ठेवायची. मध्येच नळ, मध्येच खिडकी असं चिकटवायचा मोह होतो, तो आवरायचा. त्या गोष्टींची पाळी फेरी संपल्यावर.

आता लेन्स. बहुतेक फोनमध्ये 0.5x नावाची अतिरुंद लेन्स असते आणि घरं विकणाऱ्यांचं तिच्यावर फार प्रेम आहे. तिच्यातून दहा बाय अकराची बेडरूम लग्नाच्या हॉलसारखी दिसते. कारण सोपं आहे. ही लेन्स जवळच्या वस्तू मोठ्या आणि लांबच्या लहान करते, त्यामुळे समोरची भिंत दूर गेल्यासारखी वाटते. व्हिडिओ बघून हुरळलेलं जोडपं सुट्टीच्या दिवशी कल्याण-ठाण्याहून येतं, दारात उभं राहतं आणि पहिल्या मिनिटाला त्यांचा चेहरा उतरतो. त्यानंतर तुम्ही सांगितलेल्या खऱ्या गोष्टींवरही त्यांचा विश्वास बसत नाही. सलग फेरी फोनच्या मुख्य, म्हणजे 1x लेन्सनेच करावी. कोपऱ्यात पाठ टेकवून उभं राहिलं तर हॉल त्यात पुरेसा मावतो. बाथरूममध्ये मागे सरकायला जागाच नसते, तिथे अतिरुंद लेन्स वापरावी लागते. तसं केलं तर पडद्यावर लिहून टाकावं की इथे रुंद लेन्स वापरली आहे, प्रत्यक्ष माप चार बाय सात. एका ओळीने काही बिघडत नाही.

लेन्स बदलूनही एक अडचण उरते. रिकाम्या खोलीत डोळ्याला मापाचा अंदाज येत नाही. यावर मला सगळ्यांत उपयोगी वाटलेली युक्ती रंगाऱ्याकडच्या कागदी चिकटपट्टीची आहे. लहान बेडरूम दहा फूट रुंद आणि अकरा फूट लांब आहे असं धरा. सहा फूट रुंद, साडेसहा फूट लांब डबल बेडचा आयत जमिनीवर पट्टीने आखायचा, डोकं अकरा फुटांच्या एका टोकाच्या भिंतीला. समोरच्या भिंतीला दोन फूट खोलीचं कपाट आखायचं. आता हिशेब डोळ्यांना दिसतो. लांबीतून कपाटाचे दोन आणि बेडचे साडेसहा गेले की पायथ्याशी अडीच फूट उरतात. रुंदीतून सहा गेले की दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट. या शॉटमध्ये एखाद्या माणसाला कपाट उघडल्यासारखं करून त्या अडीच फुटांतून चालायला सांगायचं. पलीकडून कुणी आलं तर एकाला बेडवर बसावं लागेल हे बघणाऱ्याला आपोआप कळतं, आणि पाळणा किंवा अभ्यासाचं टेबल इथे बसणार नाही हेही. वरून, दारातून आणि माणसाच्या पायांच्या पातळीवरून असे तीन तुकडे घेतले की पुरे. प्रत्येक तुकडा दहा सेकंदांचा घ्यायचा, वापरताना त्यातले तीन-चार सेकंद लागतात.

माप पडद्यावर लिहिताना एक गोष्ट सांभाळायची. 2016 च्या रेरा कायद्यात कार्पेट एरियाची व्याख्या दिलेली आहे. बाहेरच्या भिंती, डक्ट आणि बाल्कनी त्यात धरत नाहीत, पण आतल्या खोल्यांमधल्या भिंतींची जागा धरतात. त्यामुळे टेपने मोजलेल्या खोल्यांची बेरीज कागदावरच्या कार्पेटपेक्षा थोडी कमीच भरते आणि नवखा खरीदार उगाच फसवल्यासारखा अस्वस्थ होतो. उलट जुन्या बिल्डिंगच्या करारात बिल्ट-अपचा आकडा असतो आणि तोच कार्पेट म्हणून बिनधास्त फिरवला जातो. म्हणून करारातला आकडा तो कशाचा आहे हे लिहून दाखवायचा आणि खोल्यांची टेपने घेतलेली मापं वेगळी द्यायची.

प्रकाशाचं गणित भारतात एका आकड्याभोवती फिरतं, तो म्हणजे विजेचे 50 हर्ट्झ. पुष्कळ एलईडी आणि जुन्या ट्यूब या वारंवारितेच्या तालावर लुकलुकतात. डोळ्याला ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं आणि भिंतीवर काळपट पट्टे सरकताना उमटतात. फोनचं मूळ सेटिंग बहुधा सेकंदाला 30 फ्रेमचं असतं. ते 25 करावं आणि शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर ठेवावं. पट्टे गेले. संथ गतीत दाखवायचे तुकडे, म्हणजे उघडणारं दार किंवा पडणारं पाणी, 50 फ्रेमवर घेतले तर निम्म्या वेगाने छान चालतात. रंगाचं सेटिंग आपोआपवर ठेवू नये. हॉलमधून ट्यूब लावलेल्या पॅसेजमध्ये शिरताना भिंत चालता चालता पिवळ्याची निळी होते.

दिवे लावावेत की बंद ठेवावेत यावर वाद आहे. मी फेरी दिवे बंद ठेवून घेईन. भर दिवसा पॅसेजमध्ये ट्यूब लागते की नाही, हे घर घेणाऱ्याला कळलंच पाहिजे. फेरी सकाळी घ्यावी, तेव्हा पूर्वेच्या किचनमध्ये ऊन असतं आणि पश्चिमेच्या हॉलमध्ये सौम्य, सारखा उजेड. पण दुपारी चार वाजता परत यायचं आणि हॉलच्या खिडकीतून आत येणारं ऊन जमिनीवर किती आत सरकतं तो एक शॉट घ्यायचा. एप्रिल-मे महिन्यात या उन्हाचं काय होतं ते पश्चिमेच्या हॉलमध्ये राहिलेल्यांना विचारा. एजंटला हा शॉट आवडत नाही, पण पहिल्या उन्हाळ्यातच एसी घ्यावा लागणार हे कर्जाचा हप्ता ठरवण्याआधी कळलेलं बरं.

फेरीनंतरचा भाग बी-रोलचा. त्याची यादी खोल्यांनुसार न करता प्रश्नांनुसार करावी. पाणी कसं येतं? गळती आहे का? गादी-कपाट वर जाईल का? स्टेशनला जायला खरंच किती वेळ लागतो? एकेका प्रश्नाला दोन-तीन तुकडे. शॉट लिस्टच्या कागदावर ते असे उतरतात:

11. किचनचा नळ, जवळून, स्थिर. पूर्ण सोडलेला. 10 सेकंद. मूळ आवाज ठेवणे.
12. बाथरूममधली बादली, नळाखाली. भरेपर्यंत न कापता, शेजारी फोनचं स्टॉपवॉच.
13. क्रमांक 11 पुन्हा, पण बाथरूमचा नळ चालू असताना.
14. ड्राय बाल्कनी: वॉशिंग मशीनचा नळ, सांडपाण्याची जाळी आणि प्लग एकाच चौकटीत.
15. जमिनीखालची टाकी आणि पंप, सोसायटीच्या परवानगीने.

तेराव्या शॉटची गंमत बघण्यासारखी असते. एकटा नळ सोडला की बहुतेक घरांत पाणी जोरातच येतं. दुसरा नळ सुरू असताना पहिल्याची धार करंगळीएवढी होते का, हा खरा सवाल. सकाळी सात वाजता दोघांनाही लोकल पकडायची असते तेव्हा हेच होणार आहे. वरच्या मजल्यांवर, गच्चीतल्या टाकीच्या लगेच खाली, दाब सगळ्यांत कमी असतो. तिथे हा शॉट आणखी महत्त्वाचा. चौदाव्या शॉटमध्ये त्या तीन गोष्टींपैकी एक जरी चौकटीबाहेर राहिली, तरी मशीन आणल्यावर प्लंबर किंवा वायरमन बोलवावा लागणार हे समजायचं. प्लगही बघून घ्यावा. गिझर आणि एसीला 16 अँपिअरचा मोठा प्लग लागतो, मोबाइलचा 6 अँपिअरचा चालत नाही.

ओल दाखवणं सगळ्यांत अवघड. समोरून घेतलेल्या चित्रणात ताजा रंग लावलेली भिंत निर्दोषच दिसते. टॉर्च भिंतीला जवळजवळ लागून तिरपा धरला, की प्रकाश भिंतीवरून घसरत जातो आणि पुट्टी भरलेले उंचवटे, फुगलेले पोपडे, जुन्या भेगांची रेघ सावलीने उठून दिसते. हा शॉट तीन ठिकाणी घ्यायचा: बाथरूमच्या छताला, कारण वर दुसऱ्याचं बाथरूम असतं, पश्चिमेच्या भिंतीला खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात, कारण पावसाचा मारा तिकडूनच येतो, आणि बाथरूमला चिकटलेल्या बेडरूमच्या भिंतीला, जमिनीपासून फूटभर उंचीपर्यंत. काही सापडलं आणि ते दुरुस्त केलेलं असलं, तर केव्हा आणि काय केलं ते आवाजात सांगावं. मे महिन्यात केलेल्या व्हिडिओत गळतीबद्दल काहीही छातीठोकपणे म्हणू नये. कोरड्या ऋतूत कॅमेराच काय, माणूसही फसतो. जुलैमध्ये, चार दिवस संततधार झाल्यावर घेतलेला एक तुकडा मात्र सोन्याच्या मोलाचा.

बिल्डिंगचे तुकडे पटकन उरकता येतात. लिफ्टचं दार उघडून आतली रुंदी टेपने, जिन्याचं वळण वरून, पार्किंगची जागा दोन खांबांच्या मधून. पार्किंगच्या जागेत प्रत्यक्ष गाडी लावताना घेतलेला शॉट नुसत्या रंगवलेल्या चौकोनापेक्षा जास्त बोलतो. वास्तू बघणारे बरेच असतात, तेव्हा मुख्य दाराशी फोनवरच्या होकायंत्राचा एक शॉट घ्यावा. फक्त लोखंडी सेफ्टी डोअर किंवा लिफ्टला चिकटून घेऊ नये, सुई भलतीकडे वळते आणि मग आग्नेय-ईशान्य अशी हाणामारी फोनवर सुरू होते.

स्टेशनच्या अंतराबद्दल जाहिरातींमध्ये जेवढं खोटं लिहिलं जातं तेवढं दुसऱ्या कशाबद्दल नसेल. 'स्टेशनपासून पाच मिनिटं' ही पाच मिनिटं बहुधा रात्री साडेअकराला मोटारसायकलवर मोजलेली असतात. इथे बी-रोलचं काम अगदी साधं. सकाळी आठ वाजता बिल्डिंगच्या फाटकापासून फोन छातीशी धरून निघायचं, फाटकात आणि प्लॅटफॉर्मच्या जिन्याशी घड्याळ दाखवायचं आणि मधला सगळा भाग वेग वाढवून वीस सेकंदांत बसवायचा. शेअर रिक्षाच्या रांगेत उभं राहिलेला वेळ कापायचा नाही. परतीचा संध्याकाळचा तुकडा जमला तर आणखी चांगलं, कारण संध्याकाळची रांग सकाळच्यापेक्षा वेगळी असते.

आवाजाकडे सगळे दुर्लक्ष करतात. हॉलची खिडकी उघडी ठेवून दहा सेकंद आणि बंद करून दहा सेकंद, कॅमेरा न हलवता, वर संगीत न घालता. शेजारी शाळा, मंगल कार्यालय किंवा गॅरेज असेल तर ते इथे ऐकू येतं. असा तुकडा व्हिडिओत असला की पियानोची गरजच उरत नाही, ही माझी वैयक्तिक सोय.

काय घ्यायचं नाही हेही शॉट लिस्टवर लिहून ठेवावं लागतं. घरात कुणी राहत असेल तर देवघरातले दागिने, भिंतीवरचे कुटुंबाचे फोटो, टेबलावरची बिलं, किल्ल्यांचा जवळून शॉट हे टाळायचं. किल्लीचे दात स्पष्ट दिसले तर नक्कल करणाऱ्याला तेवढं पुरतं. खाली पत्रपेट्यांवरची नावं, गाड्यांचे नंबर, खेळणारी मुलं चौकटीत येतातच. ती टाळता आली नाहीत तर नंतर धूसर करावीत. सामाईक जागेचं चित्रण सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारून करावं. न विचारता केलं तर वॉचमन मध्येच येऊन हात आडवा करतो आणि सलग फेरी पुन्हा पहिल्यापासून घ्यावी लागते.

हेच घर नव्या, बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पातलं असतं तर व्हिडिओ ही जाहिरात ठरते आणि कायदा आड येतो. महारेराचा नोंदणी क्रमांक आणि संकेतस्थळ त्यात असावं लागतं आणि महाराष्ट्रात ऑगस्ट 2023 पासून क्यूआर कोडही. कायद्याच्या बाराव्या कलमानुसार जाहिरातीतल्या किंवा सॅम्पल फ्लॅटमधल्या खोट्या माहितीवर विसंबून नुकसान झालं, तर खरीदार भरपाई मागू शकतो. त्यामुळे सॅम्पल फ्लॅटचं चित्रण करताना तो सॅम्पल आहे हे पडद्यावर लिहावं आणि पट्टीचा टेप तिथे दुप्पट वापरावा. सॅम्पल फ्लॅटमध्ये कधी दारंच काढून ठेवलेली असतात, कधी बेड नेहमीपेक्षा आखूड असतो, एका भिंतीला अख्खा आरसा असतो. बेडची लांबी टेपने मोजलेला एक शॉट खोलीबद्दल बरंच सांगून जातो. तरणतलाव आणि बाग अजून कॉम्प्युटरवरच असेल तर त्या चित्रावर 'कल्पनाचित्र' ही पाटी शेवटपर्यंत राहिली पाहिजे.

सगळं जोडून झालं की चार-साडेचार मिनिटांचा व्हिडिओ तयार होतो: आधी दोन मिनिटांची अखंड फेरी, मग प्रश्नांचे तुकडे. तो कुणाला पाठवण्याआधी एक चाचणी करावी. हे घर कधीच न पाहिलेल्या माणसाला, शक्यतो घरातल्याच कुणाला, फेरी एकदाच दाखवायची आणि कागद-पेन्सिल देऊन घराचा नकाशा काढायला सांगायचा. आपल्या वहीतल्या पहिल्या नकाशाशी तो ताडून बघायचा. खोल्यांची मापं चुकली तर हरकत नाही, पण दार भलत्या भिंतीत गेलं असेल तर त्या जागी आपण मागे वळून पाहिलेलं नाही. या डोंबिवलीच्या घरात ते बहुधा संडासाचं दार असेल, कारण पॅसेजमध्ये बाथरूम आणि संडास समोरासमोर असले की चालता चालता एकच दाखवून पुढे जाणं होतं. पॅसेजच्या तोंडाशी उभं राहून दोन्ही दारं एका चौकटीत दिसतील असे चार सेकंद फेरीत वाढवायचे, आणि त्यासाठी पूर्ण फेरी पुन्हा चालायची.